कांदा चाळीत सडत नाही, मानेतून सडतो | खळ्यावरून, भाग ४७

चाळीत हाताला लागलेला एखादा मऊ कांदा घ्या आणि उभा चिरा. वरचा पापुद्रा कोरडा, खडखडीत. आतले एक-दोन पापुद्रे मात्र पाणी झालेले, आणि ती ओली रेघ बहुतेक वेळा वरून खाली, मानेतून उतरलेली. म्हणजे वास ऑगस्टमध्ये सुटला तरी कांदा बिघडला होता एप्रिलमध्ये, काढणीच्या पंधरवड्यात. आपण मात्र पत्रे, जाळी आणि पंखे बदलत बसतो.

🎧 पूर्ण भाग इथे ऐका (३८ मिनिटं): https://khalyavarun.in/47

उन्हाळ कांद्याची शेवटची पाणी चालू असताना हा भाग मुद्दाम टाकतोय, कारण ऐकून काही करता येईल असे हेच दिवस आहेत. चाळ भरल्यावर ऐकलात तर फक्त हळहळ होईल.

मानेचं असं आहे की ते खोड नव्हेच. पातीच्या नळ्या एकात एक बसून मान तयार होते. कांदा पोसून झाला की मधून नवी पात येणं थांबतं, मान आतून पोकळ आणि लुळी होते, पात स्वतःच्या वजनाने आडवी पडते. मग मान सुकते, आवळते आणि कांद्याचं तोंड बंद होतं. उशिरा युरिया टाकला किंवा शेवटपर्यंत पाणी दिलं, तर मधून पात येतच राहते. अशी मान जाड आणि हिरवी राहते, पात कापली की तिथे ओली जखम उघडी पडते. बुरशी आणि जिवाणू आत शिरतात ते याच वाटेने.

म्हणून या भागातला जवळपास पाव वेळ दोनच तारखांवर गेलाय. पहिली शेवटच्या नत्राची: लागवडीनंतर ३० आणि ४५ दिवसांचे हप्ते देऊन थांबायचं, ६० दिवसांनंतर युरिया नाहीच. कांदा बारीक दिसतोय म्हणून ७५व्या दिवशी टाकलेली गोणी वजन थोडं वाढवेलही, पण तो माल मग लगेच बाजारात न्यायचा. दुसरी तारीख शेवटच्या पाण्याची: हलक्या रानात काढणीआधी १०-१२ दिवस, भारी काळ्या रानात १५-२० दिवस पाणी तोडायचं. ठिबकवाले इथे हमखास चुकतात. वरून माती कोरडी दिसते, पण नळीखालचा पट्टा ओलाच असतो, आणि कांदा नेमका त्याच पट्ट्यात बसलेला असतो.

काढणी निम्म्याहून जास्त माना आपोआप पडल्यावर. वाफ्यावरून ड्रम फिरवून माना मोडण्याचा उद्योग बऱ्याच ठिकाणी चालतो. त्याने पात आडवी होते, पण न पोसलेल्या कांद्याची मान आतून सुकत नाही, कारण तिथे वाढ अजून सुरूच असते. रान पडलेलं दिसतं एवढंच.

उपटल्यावर ३ ते ५ दिवस पातीसकट शेतात. ओळी अशा लावायच्या की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर यावी. एप्रिल-मेच्या उन्हात उघडा पडलेला कांदा एका बाजूने भाजतो, आणि तो पांढरट मऊ डाग पुढे सडीचं दुसरं दार होतो. मग पात कापायची, पण बुडाशी नाही. बोटाच्या पहिल्या पेराएवढी, म्हणजे साधारण एक इंच मान ठेवून, आणि कापण्याआधी पीळ देऊन. काम उक्त्यावर दिलं की मजूर विळा बुडाशीच चालवतात, तसं पटपट होतं. बुडाशी कापलेल्या कांद्याचे सगळे पापुद्रे वरून उघडे राहतात. ठेका ठरवतानाच हे बोलून घ्या. एकरी थोडे जास्त पैसे गेले तरी चाळीत वसूल होतात.

कापलेला कांदा सावलीत, पातळ थरात १० ते १५ दिवस. ही पायरी सर्रास गाळली जाते, कारण ट्रॅक्टर दारात उभा असतो आणि ढग आलेले असतात. अवकाळीच्या भीतीने ओल्या ढिगावर प्लास्टिक घट्ट ताणलं, तर आतला दमटपणा पावसाइतकंच नुकसान करतो. झाकायचंच असेल तर बाजूंनी वारा राहील असं झाका. भिजलेला माल वेगळा ठेवून आधी विका, चाळीत नकोच.

वाळला हे ओळखायचं कसं? अंगठा आणि तर्जनीत मान धरून चोळा. आत काही सरकतंय, निसटतंय असं वाटलं तर कच्ची. कागदासारखी कुरकुरली आणि बोटं जागच्या जागी अडली, तर झाली. ढिगात वेगवेगळ्या जागचे २० कांदे तपासा. त्यात ३-४ निसटते निघाले तर चाळ भरायला अजून चार दिवस थांबा. (आकडा अंदाजाचा आहे, कायदा नव्हे.)

निवडीत जोडकांदा, डेंगळे, जाड मानेचा आणि विळा लागलेला माल बाजूला काढा. चिंगळीही चाळीत नको, ती मोठ्या कांद्यांमधल्या फटी बुजवते आणि हवा अडते.

चाळीबद्दल थोडक्यातच बोललोय, कारण त्यावर भरपूर माहिती आहे: थराची रुंदी ४ फूट, उंची ५ फुटांच्या वर नाही, तळाला दीड-दोन फूट मोकळी हवा. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी पूर्व-पश्चिम. पाटी उंचावरून ओतू नका, आपटलेला कांदा बाहेरून कळत नाही.

ऐकताना उपयोगी पडेल म्हणून:
०२:१० मान बंद होते म्हणजे नेमकं काय
०९:४० युरिया आणि पाण्याच्या तारखा, ठिबकचा घोटाळा
१९:०५ पात कापणी, मजुरांशी काय ठरवायचं
२४:३० बोटांची परीक्षा
२९:१५ मे-जूनमध्ये वजनघट, पावसाळ्यात सड, नंतर कोंब: तिन्हींची कारणं वेगळी
३४:२० खरिपाचा लाल कांदा का टिकत नाही

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला होता. उत्तर पुन्हा मानेतच आहे: खरिपात काढणीच्या वेळी माना पडतच नाहीत, पात हिरवीच असते. कितीही चांगली चाळ बांधा, तो माल काढून, थोडा सुकवून विकायचा. साठवायचा तर उन्हाळ कांदा, आणि वाणही साठवणुकीचाच: एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण.

▶️ https://khalyavarun.in/47

मागच्या वर्षीची चाळ बिघडली असेल तर खाली लिहा, पुढच्या भागात घेऊ. फक्त "कांदा सडला" एवढं नको. वाण, लागवडीची तारीख, शेवटचा युरिया आणि शेवटचं पाणी कधी दिलं, आणि सडलेला कांदा उभा चिरून काढलेला फोटो. आडवा चिरला तर सड मानेतून आली की बुडातून, ते दिसत नाही.

#कांदाचाळ #उन्हाळकांदा #कांदासाठवणूक #खळ्यावरून