आवक माल तपासणी पत्रक – मुख्य गेट आणि उतरवण धक्का क्र. ३

पत्रक क्र. आवक/०८/०११७
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५, मंगळवार. पहिली पाळी.
माल: नायलॉन ६ दाणा, नैसर्गिक रंग, २५ किलोच्या बॅगा, आतून ॲल्युमिनियमचा थर
चलनाप्रमाणे: ६४० बॅगा, १६,००० किलो. बॅच ‘क’ ४०० बॅगा, बॅच ‘ख’ २४० बॅगा.

१. गाडी आणि कागदपत्रे

गेटवर आगमन सकाळी ७:४०. ट्रेलरवर २० फुटी बंद कंटेनर. ट्रेलरचा क्रमांक बिल्टीशी आणि कंटेनरचा क्रमांक चलनाशी जुळला. चालकाचा परवाना पाहिला.
खरेदी ऑर्डर, चलन, बिल्टी, दोन्ही बॅचची चाचणी प्रमाणपत्रे: आहेत. प्रमाणपत्रावरचे बॅच क्रमांक चलनावरच्याच बॅचचे आहेत.
चाकांना अडण्या लावल्या, गाडीची चावी गेटवर जमा: हो.
कंटेनर बाहेरून: दोन्ही बाजू ठीक. छप्पर खालून दिसत नाही म्हणून शिडी लावून पाहिले. केबिनकडच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा गंजलेला पट्टा, त्यात पाणी साचलेले. फोटो १ ते ४.

२. सील

प्रकार: बोल्ट सील, आयएसओ १७७१२, अंगावर ‘एच’ खूण.
बिल्टीवरील क्रमांक ०७३८२५१. सीलवरील क्रमांक ०७३८२५१. एकाने सीलवरून मोठ्याने वाचला, दुसऱ्याने बिल्टीवर एकेक आकड्यावर टिक केली. बिल्टी हातात धरून सील वाचले की डोळ्यांना अपेक्षित तोच आकडा दिसतो, म्हणून ही पद्धत सोडायची नाही.
खेचून पाहिले: निघत नाही. पिळून पाहिले: सुटत नाही. दाराच्या कड्या, बिजागऱ्या आणि रिव्हेट यांवर ताजा रंग किंवा घासल्याच्या खुणा नाहीत.
सील ८:२५ ला चालकासमोर कापले. दोन्ही तुकडे पिशवीत घालून पत्रकाला जोडले.

निष्कर्ष: सील शाबूत. याचा अर्थ दार वाटेत उघडलेले नाही, एवढाच. माल कोरडा आहे किंवा पूर्ण आहे हे सील सांगत नाही, त्यामुळे पुढची तपासणी नेहमीसारखीच पूर्ण केली.

३. वजन

भरलेली गाडी २८,२६० किलो, रिकामी १२,२०० किलो, फरक १६,०६० किलो.
रिकाम्या बॅगेचे वजन साधारण १५० ग्रॅम धरले तर ६४० बॅगांचे १६,०९६ आणि ६३८ बॅगांचे सुमारे १६,०४६ किलो होते. काटा २० किलोच्या पायरीने वाचतो, शिवाय काही बॅगांवर पाणी होते. म्हणून नगांची तूट या काट्यावरून ठरवलेली नाही. मोजणीच धरली आहे.

४. उतरवण आणि मोजणी

दार उघडल्यावर दाराकडच्या थप्प्या (बॅच ‘क’) कोरड्या, नीट रचलेल्या. वास नाही. जमीन कोरडी. आतल्या टोकाला, केबिनकडे, बॅच ‘ख’च्या वरच्या थरांवर पाणी आणि खाली ओघळ.
तिथून पुढे उतरवण थांबवली, जागेवरचे फोटो काढले (फोटो ५ ते १६) आणि मगच ओल्या बॅगा वेगळ्या पॅलेटवर घेतल्या. आधी उतरवून मग फोटो काढले असते, तर बॅग कुठे भिजली याचा पुरावाच राहिला नसता.

मोजणी दोनदा: दारात दहा-दहाच्या टिकांनी आणि नंतर पॅलेटवर, ४० बॅगांची एक पॅलेट याप्रमाणे. दोन्ही वेळा ६३८. बॅच ‘क’ ४००, बॅच ‘ख’ २३८. ‘ख’मध्ये २ बॅगा कमी.
उतरवण ११:१० ला पूर्ण.

रिकाम्या कंटेनरची उजेड चाचणी: एक माणूस आत, एक बाहेर दाराशी, दार लोटून घेतले. छपराच्या उजव्या कोपऱ्यात उजेडाचे दोन टिपके, बरोबर ओल्या बॅगांच्या वर. पाणी इथूनच आले.

५. नमुना तपासणी

उघड ओल्या बॅगा नमुन्यात धरल्या नाहीत, त्या एकेक करून पाहिल्या. उरलेल्या मालासाठी आयएसओ २८५९-१, सामान्य पातळी २, एक्यूएल २.५.

बॅच ‘क’, ४०० बॅगा: नमुना ५०, तीन दोषांपर्यंत पास. दोष आढळला १ (लेबल फाटलेले, बॅच क्रमांक वाचता येतो). पास.
बॅच ‘ख’, कोरड्या १७४ बॅगा: नमुना ३२, दोन दोषांपर्यंत पास. दोष ०. पास.

ओलावा (कार्ल फिशर, करारातील मर्यादा ०.१० टक्के):
‘क’, पाच बॅगा: ०.०६, ०.०५, ०.०६, ०.०७, ०.०६.
‘ख’ कोरड्या, चार बॅगा: ०.०६, ०.०७, ०.०७, ०.०६.
‘ख’ ओल्यांच्या शेजारच्या, तीन बॅगा: ०.०९, ०.१०, ०.१२.
‘ख’ ओल्या, दोन बॅगा: ०.९४, १.३१.

ओल्या बॅगांबद्दल: तोंडाकडची घडी उलगडली तर घडीत पाणी साचलेले. उष्णतेने जोडलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवला तेव्हा दोन ठिकाणी ती बोटभर सुटलेली लागली. आत दाणे कडेला चिकटलेले. वरून पुसून कोरडी केली असती तर ही बॅग चांगल्या मालात सहज गेली असती. नायलॉनचा दाणा पाणी आत ओढतो आणि ओला दाणा मोल्डिंगमध्ये वितळताना त्याची ताकद तुटते, भागावर चंदेरी रेघा येतात. म्हणून ‘पुसून घ्या’ ही सूचना मी मान्य केलेली नाही.

नमुने झाकणबंद काचेच्या बाटलीत लगेच भरले. उघडलेल्या बॅगा पुन्हा सील केल्या. त्यातल्या स्वीकृत ९ बॅगांवर ‘उघडलेली, आधी वापरा’ अशी चिठ्ठी लावली. प्रयोगशाळेचे निकाल दुपारी १:४५ ला मिळाले.

६. निर्णय

| | बॅगा | किलो |
|---|---|---|
| चलनाप्रमाणे | ६४० | १६,००० |
| प्रत्यक्ष मिळाल्या | ६३८ | १५,९५० |
| तूट | २ | ५० |
| स्वीकृत (‘क’ ४००, ‘ख’ १७४) | ५७४ | १४,३५० |
| रोखून ठेवल्या (‘ख’) | २६ | ६५० |
| नाकारल्या (‘ख’) | ३८ | ९५० |

स्वीकृत माल: हिरवी चिठ्ठी, साठ्यात फक्त ५७४ ची नोंद.
रोखलेल्या २६: पिवळी चिठ्ठी, जाळीच्या कोठीत. तीन नमुन्यांपैकी एक मर्यादेबाहेर गेला, त्यामुळे सरासरी काढून पास करता येणार नाही. उरलेल्या २३ बॅगांची प्रत्येकी चाचणी होईल.
नाकारलेल्या ३८: लाल चिठ्ठी, कोठीला कुलूप, चावी गुणवत्ता विभागाकडे. पुरवठादाराने उचलेपर्यंत हलवायच्या नाहीत. उत्पादनाने मागितल्या तरी द्यायच्या नाहीत.

७. चालकाचे म्हणणे आणि सह्या

चालक: “रात्रभर पाऊस होता. कंटेनर मला भरून, सील लावूनच मिळाला. छपराचं भोक मला माहीत नव्हतं.” हे त्यांच्या शब्दांत बिल्टीच्या मागेही लिहून घेतले. त्यांनी सीलची अवस्था, ६३८ ची मोजणी आणि ओल्या ३८ बॅगा पाहून सही केली. तूट किंवा भिजणे यांत त्यांचा दोष असल्याची नोंद या पत्रकात कुठेही नाही. सील शाबूत असताना तशी नोंद करणे अन्यायाचे ठरेल.

बिल्टीवर शेरा: ‘२ बॅगा कमी, ३८ ओल्या व नाकारलेल्या, २६ तपासणीसाठी रोखलेल्या.’ शेरा नसलेली प्रत वाहतूकदाराला दिलेली नाही.
पुरवठादार आणि वाहतूकदार यांना फोटो, सील क्रमांक आणि ओलाव्याचे आकडे २:२० ला पाठवले. गाडी २:३५ ला सोडली.

सही: गेट सुपरवायझर, आवक तपासनीस, गुणवत्ता विभाग, चालक.