ओळखीची खूण

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. लगीनसराईचे अल्बम अडकून पडले होते आणि दुपारी तीनपासून लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू ठेवून मी काम रेटत होतो, तेवढ्यात अविनाश दुकानाची पायरी चढला. मागे त्याची आई. ती आत न येता बाहेरच्या बाकावर टेकली. गावाहून दारव्ह्यापर्यंत एसटीत उभी आली होती.

"काका, बाबांचा फोटो मोठा करायचा हाय. चोवीस बाय छत्तीस. सव्वीस जानेवारीले पंचायतीच्या हॉलमधी लावून रायले."

सुभाषभाऊ दिवाळीनंतर गेले. रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत. वीस वर्षं फौजेत ड्रायव्हर होते, नायक म्हणून रिटायर झाले. गावी आल्यावर रोज पहाटे भरतीच्या पोट्ट्यांना डांबरी रस्त्यावर पळवायचे. सोळाशे मीटर, हातात स्टॉपवॉच, गळ्यात मफलर. त्यांच्या हाताखालून गेलेली सहा-सात पोरं आज वर्दीत आहेत.

फोटो माझ्याकडे होता, मीच काढलेला. दोन वर्षांपूर्वी पेन्शनच्या कागदांसाठी पासपोर्ट फोटो काढायला आले होते, तेव्हा मी हौसेनं एक मोठाही काढून ठेवला. खिडकीचा उजेड डावीकडून होता. पांढरा शर्ट, छातीवर मेडल, आणि डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेला व्रण. त्या व्रणानं ओठ जरासा वर ओढला गेला होता, त्यामुळे माणूस गप्प बसला तरी आता हसेल की काय असं वाटायचं.

फाइल उघडली. अविनाश स्क्रीनकडे न पाहताच बोलला, "तेवढा गाल साफ करून द्याल."

"काहून?"

"चांगलं दिसत नाई, काका. हॉलमधी लावाचा हाय."

आता हे काम किती मिनिटांचं आहे ते मला विचारा. नवरीच्या कपाळावरचे फोड, नवरदेवाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी रोज पुसतो. शेजारची चांगली कातडी उचलायची, व्रणावर ठेवायची, कडा मिसळून टाकायच्या. चहा निवायच्या आत होतं. माझे उस्ताद हेच काम निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं करायचे, भिंगाखाली मान मोडेपर्यंत. मी त्यांच्याकडूनच शिकलो.

"अवि, हे मी करणार नाई," मी म्हणालो. "फोटो मोठा करून देतो, फ्रेम चांगली लावतो. पैसेही नको. पण गालाले हात लावणार नाई."

तो चिडला, आणि त्याचं चिडणं खोटं नव्हतं. "तुमाले काय जाते? लहानपणी मले शाळेत 'फाटक्याचा' म्हणत होते. बाबा गॅदरिंगले आले का मी मागच्या रांगेत जाऊन बसो. पुण्याले माझ्या लग्नात पोरीकडचे लोक आधी गालच पाहून रायले होते. आयुष्यभर लोकायनं त्याइचा गालच पाह्यला. एकदा तरी चेहरा पाहू द्या ना!"

याला लगेच उत्तर देता येईना. पोराचं म्हणणं प्रेमातूनच आलं होतं, आणि मी त्याच्या बापाचा कोण?

मग मी त्याला माझ्या आईचं सांगितलं. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. तोंडभर वण. ती गेली तेव्हा मी नवा कॉम्प्युटर घेतला होता, हात शिवशिवत होते. रात्र जागून एकेक वण पुसला. सकाळी फोटो भिंतीला लावला, तेव्हा बाबा खूप वेळ बघत राहिले. "बरी दिसते," एवढंच म्हणाले. बाबा वारले तेव्हा त्यांच्या बंडीच्या खिशात आईच्या एसटी पासवरचा काळा-पांढरा फोटो सापडला. घामानं पिवळा पडलेला, कोपरे झिजलेले. वण होते त्यात. आठ वर्षं ते तो फोटो खिशात घेऊन फिरत होते. भिंतीवरच्या बाईशी त्यांची ओळखच नव्हती. आणि मूळ फाइल मी तेव्हाच उडवून टाकली होती.

अविनाश काही बोलला नाही. पण त्याचं मन वळलं असंही दिसलं नाही.

"यवतमाळले करून भेटन," तो हळूच म्हणाला.

"भेटन ना. पेन ड्राइव्ह आण, फाइल देतो. तुया बापाचा फोटो हाय, मी अडवणारा कोण? फक्त माया हातानं नाई होत."

तेवढ्यात काकू आत आल्या. सगळं ऐकत होत्या बहुतेक. स्क्रीनजवळ येऊन त्यांनी चष्मा पदरानं पुसला. "भाऊ, हे जरा मोठं होते का?"

मी गाल मोठा केला. दोनशे टक्के, मग चारशे. व्रण स्क्रीनभर पसरला. टाक्यांच्या खुणा दोन्ही बाजूंनी दिसायला लागल्या, शेतातल्या पांदीच्या कडेला काटेरी झुडपं असावीत तशा. जबड्याच्या हाडाजवळ कातडी थोडी वर उचललेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि त्या जागी उजेड वेगळाच चमकत होता. फोटो मी काढला होता, तरी हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

काकूंनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "हे काच हाय. आत रायली होती. थंडी पडली का सुजे, मंग मी रात्री मीठ गरम करून शेकत होती."

"काच?" अविनाश म्हणाला. "गोळी लागली होती ना?"

"गोळी लोकायनं लावली रे. ते कवाच नाई म्हणाले. द्रासच्या रस्त्यानं दारूगोळा नेऊन रायले होते, नव्व्याण्णव साली. रात्रीचं, लाइट बंद करून. वरून डोंगरावरचे पाहून रायले होते म्हणे. गोळा बाजूले पडला न् समोरची काच फुटली. गाडी नाई थांबवली त्याइनं. एका हातानं गाल धरला न् माल पोचवला." काकू क्षणभर थांबल्या. "मले सांगत, मी लढलो नाई, मी गाडी चालवली."

अविनाश स्टुलावर बसला. चारशे टक्क्यांवरचा बापाचा गाल त्याच्यासमोर होता. इतक्या जवळून त्यानं तो पाहिला होता का कधी, कोण जाणे.

मला सुभाषभाऊंचं बोलणं आठवलं. पासपोर्ट फोटोच्या वेळी सवयीनं मीच विचारलं होतं, गाल जरा साफ करू का. तर म्हणाले होते, "कर की. पण पेन्शनच्या कागदावर ओळखीची खूण हेच लिवली हाय. मंग बँकवाला मले वळखन का?"

लाइट आली. पंखा फिरायला लागला. अविनाशनं फाइल मागितली नाही, आणि 'राहू द्या' असंही म्हणाला नाही. आईला घेऊन स्टँडकडे निघून गेला. मी रात्री प्रिंट काढायला पाठवली. जसा होता तसा फोटो.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झाल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. पळणारी पोरं ट्रॅकसूटमध्ये मागे भिंतीला टेकून उभी होती. सरपंचांनी नारळ फोडला, काकूंनी फोटोला कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. हार जाड होता, त्याची एक बाजू घसरून डाव्या गालावर आली आणि कानापासून ओठापर्यंतचं सगळं फुलांखाली गेलं. टाळ्या वाजायला लागल्या.

अविनाश पुढे झाला. कोणाची तरी खुर्ची ओढून तिच्यावर चढला, हार उचलून फ्रेमच्या कडेला सरकवला, आणि तो पुन्हा घसरू नये म्हणून खिळ्याला दोऱ्यानं घट्ट बांधला.