गिरणीपाशी अकरावा

आबांना दिसत नव्हतं आणि मला वाचता येत नव्हतं. दुसरीत होते, जोडाक्षर आलं की अडायचे. त्यामुळे घरातली हरिपाठाची पोथी आम्हां दोघांच्याही कामाची नव्हती.

रोज दिवेलागणीला मी त्यांना देवळात न्यायचे. काठीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. वाटेतच शिकवणी. ते चरण म्हणायचे, मी मागून. चुकले तर बोलत नसत. चिपळ्या थांबवून जागच्या जागी उभे राहत. एकदा एका 'ण'पायी उकिरड्याशेजारी अर्धा तास उभं केलं. नाक दाबून 'ण' नीट येत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

"आबा, 27 अभंग लक्षात कसे राहायचे?"

"वाट राहते ना लक्षात? मग झालं तर."

तिसरा हापशाच्या कुरकुरीपाशी, सातवा लोहाराच्या भात्यापाशी, अकरावा पिठाच्या गिरणीशी. त्यांना आवाज आणि वास, मला घरं.

कार्तिकी एकादशीला वीज गेली होती. गिरणी गप्प. दहावा संपला आणि आबा थबकले. चिपळ्या हातात तशाच. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. पुढचा शब्द काही येईना. ते असे अडलेले मी कधी पाहिले नव्हते.

मी काठी हलकेच ओढली आणि अकरावा धरला.

दोन चरण त्यांनी ऐकून घेतले.

"पट्टी उतरली," म्हणाले, "वर घे."