पुण्यात पहिला इंटरव्ह्यू आहे आणि इंग्रजी अडखळतंय? बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांनो, गाडीत बसायच्या आधी हे बघा | फ्रेशर इंटरव्ह्यू तयारी मराठीत

परभणी, वाशिम, बीड, गडहिंग्लज, कुठूनही या, पुण्यात पहिला प्रश्न तोच, स्वतःबद्दल सांगा. आणि आपली पोरं पाठ केलेला इंग्रजी पॅरा सुरू करतात, हार्डवर्किंग, टीम प्लेयर, मग मधेच एक शब्द विसरला की सगळंच बंद. तो पॅरा समोरच्याने सकाळपासून दहा जणांकडून ऐकलेला असतो हो! त्यापेक्षा जे केलंय ते सांगा. मंडळाची वर्गणी आणि खर्चाचा हिशोब तुमच्याकडे होता? घरच्या दुकानाची उधारी वसूल करायचात? अकाउंट्स किंवा सेल्सच्या जागेसाठी हे खरंच कामाचं आहे, फक्त ते तीन-चार सोप्या वाक्यांत मांडायचं कसं हे व्हिडिओत करून दाखवलंय.

सगळ्यात जास्त वेळ एमपीएससीच्या गॅपवर दिलाय कारण सगळ्यात जास्त मेसेज त्याचेच येतात. गॅप लपवू नका, खोटा अनुभव तर अजिबात लिहू नका. 'ग्रॅज्युएशननंतर दोन वर्षं राज्यसेवेचा अभ्यास केला, पूर्व निघाली, मुख्य नाही निघाली, आता प्रायव्हेटमध्येच काम करायचं ठरवलंय,' बास, एवढंच. समोरच्याला गॅपची अडचण नसते, पुढची जाहिरात आली की हा नोकरी सोडून जाणार का ही भीती असते, त्याचं उत्तर तयार ठेवा.

व्हिडिओत काय कुठे आहे:
००:०० सुरुवात, घाई असेल तर ढकला पुढे
०१:१० स्वतःबद्दल सांगा, बीकॉम आणि बीएस्सीची वेगळी उत्तरं
०५:४० एमपीएससी, पोलीस भरतीचा गॅप
११:२५ इंग्रजीत प्रश्न कळलाच नाही तर काय म्हणायचं (गप्प बसून मान हलवू नका प्लीज)
१४:०५ पगाराचं बोलणं
१७:३० फसवे कॉल

पगाराचं इथेच सांगतो. २.४ लाखाचं पॅकेज म्हणजे महिन्याला २० हजार हातात येतील असं समजून रूम बघू नका, कारण कंपनीचा पीएफचा वाटा बऱ्याचदा पॅकेजमध्येच धरलेला असतो, वर तुमच्या बेसिकचे १२ टक्के पीएफला जातात आणि प्रोफेशनल टॅक्स लागू असेल तर तो कापला जातो तो वेगळाच. हातात किती येणार हे एचआरला सरळ विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, लॅपटॉप डिपॉझिट, कशाच्याही नावाने आधी पैसे मागितले तर तिथून उठा. ओरिजिनल मार्कशीट दाखवायची, ठेवून यायची नाही, झेरॉक्सचे दोन सेट बॅगेत ठेवा.

पुढचा व्हिडिओ फोनवरच्या इंटरव्ह्यूचा, गावात रेंज जाते तेव्हा काय करायचं तेही त्यात घेतोय. तुमची डिग्री आणि कुठल्या जागेसाठी जाताय ते खाली लिहा, त्यातलेच प्रश्न घेईन.

#इंटरव्ह्यूतयारी #फ्रेशरजॉब #मराठी #पुणेजॉब #पहिलीनोकरी