नववी, सेमी इंग्रजी: जीवशास्त्राचे शब्द, दोन्ही माध्यमांतले

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण मराठी माध्यमातून या तुकडीत आले आहेत. वर्गात ‘फोटोसिंथेसिस’ म्हटलं की चेहरे कोरे होतात आणि ‘प्रकाश-संश्लेषण’ म्हटलं की हात वर येतात. म्हणजे धडा तुम्हाला येतो, त्याचं नवं नाव तेवढं शिकायचं आहे. हा कागद विज्ञानाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. स्पेलिंग फळ्यावर देईन, ती समोरच्या कोऱ्या पानावर उतरवून घ्या.

फोटोसिंथेसिस – प्रकाश-संश्लेषण

फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे साध्या घटकांपासून नवा पदार्थ तयार करणं, म्हणजेच संश्लेषण. पान हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळांकडून पाणी घेतं आणि सूर्यप्रकाशातली ऊर्जा वापरून ग्लुकोज बनवतं.

6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂

बाणाच्या वर ‘सूर्यप्रकाश’ आणि खाली ‘हरितद्रव्य’ लिहायला विसरू नका. या विषयाचे सोबती शब्द: क्लोरोफिल – हरितद्रव्य, क्लोरोप्लास्ट – हरितलवक, स्टार्च – पिष्टमय पदार्थ. क्लोरोफिल आणि क्लोरोप्लास्ट यांत दरवर्षी गोंधळ होतो. हरितलवक हे पेशीतलं अंगक आहे आणि हरितद्रव्य हा त्या अंगकातला हिरवा रंगद्रव्य पदार्थ आहे. ‘क्लोरो’ दिसलं की हिरवा, एवढं डोक्यात असू द्या.

रेस्पिरेशन – श्वसन

इथे जास्त वेळ थांबू, कारण सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. ब्रीदिंग म्हणजे श्वासोच्छ्वास: हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं. रेस्पिरेशन म्हणजे श्वसन, आणि ते शेवटी प्रत्येक पेशीत चालतं. पेशीत ग्लुकोजचं विघटन होऊन ऊर्जा मोकळी होते, त्याला सेल्युलर रेस्पिरेशन, म्हणजे पेशीस्तरावरील श्वसन म्हणतात. केळीला फुप्फुसं नाहीत, तरी केळीचं श्वसन चालू असतं. दिवसाही आणि रात्रीही. ‘वनस्पती दिवसा प्रकाश-संश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत पुन्हा दिसायला नको, ते चूक आहे.

रावेर-यावलकडच्या मुलांनी केळी पिकवण्याचं चेंबर पाहिलं असेल. घड झाडावरून उतरला तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात. पिकताना इथिलीनमुळे केळीच्या श्वसनाचा वेग वाढतो, पिष्टमय पदार्थांची साखर होते, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर पडते. चेंबरमध्ये थंडावा आणि हवा बदलण्याची सोय ठेवतात ती याचसाठी. ओलसर ज्वारी ढिगाने पडून राहिली की आत हात घातल्यावर ऊब लागते. दाण्यांच्या आणि दाण्यांवर वाढणाऱ्या बुरशीच्या श्वसनाची ती उष्णता आहे.

पुढचे शब्द असे: एरोबिक रेस्पिरेशन – ऑक्सिश्वसन, अ‍ॅनएरोबिक रेस्पिरेशन – विनॉक्सिश्वसन, ग्लायकोलायसिस – ग्लुकोज-विघटन, फर्मेंटेशन – किण्वन. ‘लायसिस’ म्हणजे फोडणं. सहा कार्बनच्या ग्लुकोजपासून तीन कार्बनचे दोन रेणू होतात, आणि हे काम पेशीद्रव्यात होतं, तंतुकणिकेत नाही. किण्वन घरीच पाहा: बिबड्यांसाठी ज्वारी भिजवून आंबवतात, तेव्हा जो आंबट वास येतो तो जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लाचा.

सेल – पेशी, आणि पेशीच्या आतलं

मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ पाहणाऱ्यांनी हे नीट वाचा. हिंदीत सेलला ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘पेशी’ म्हणजे मसल. मराठीत सेल म्हणजे पेशी आणि मसल म्हणजे स्नायू. टिश्यूला आपण ऊती म्हणतो, हिंदीत ऊतक. व्हिडिओ जरूर पाहा, पण उत्तरात शब्द मिसळू देऊ नका. टिश्यू कल्चर म्हणजे ऊती संवर्धन. जळगाव जिल्ह्यात केळीची रोपं ज्या पद्धतीने तयार होतात तीच ही, त्यामुळे हा शब्द तुम्हाला पाठ करावा लागणार नाही.

सेल वॉल – पेशीभित्तिका. प्लाझ्मा मेम्ब्रेन – प्रद्रव्यपटल. सायटोप्लाझम – पेशीद्रव्य. न्यूक्लियस – केंद्रक. व्हॅक्युओल – रिक्तिका. एंडोप्लाझमिक रेटिक्युलम – आंतर्द्रव्यजालिका. लायसोझोम – लयकारिका. हे नुसते वाचून जा, आकृती काढताना बसतील.

पेशीभित्तिका मात्र हातात धरून पाहायची आहे. कापसाच्या बोंडातून एक धागा, अगदी एकच, ओढून काढा. सरकीच्या सालीवरची एकच पेशी लांब वाढून तो धागा झालेला असतो. बोंड वाळल्यावर आतलं पेशीद्रव्य संपतं आणि उरते ती जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची भिंत. भिंगाखाली धरलात तर तो चपटा आणि पिळलेला दिसेल, सूक्ष्मदर्शकाखाली अधिक नीट.

मायटोकॉन्ड्रिया – तंतुकणिका. ग्रीकमध्ये ‘मायटॉस’ म्हणजे धागा आणि ‘कॉन्ड्रिऑन’ म्हणजे कण, म्हणून तंतु-कणिका. हाच धागा मायटोसिसमध्येही आहे, म्हणून त्याचं मराठी सूत्री विभाजन. मिऑसिस म्हणजे अर्धसूत्री विभाजन, त्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. उच्चार जवळचे असल्याने हे दोन सरसकट अदलाबदल होतात, तेव्हा मोठ्याने म्हणून पाठ करा. क्रोमोसोम – गुणसूत्र, जीन – जनुक.

पाणी आणि पान

ऑस्मॉसिस – परासरण. डिफ्यूजन – विसरण. परासरणात पाणी निवडक्षम पटलातून जातं, विसरणाला पटल लागतंच असं नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, ते परासरण. अगरबत्तीचा वास खोलीभर पसरतो, ते विसरण.

ट्रान्सपिरेशन – बाष्पोच्छ्वास. स्टोमॅटा – पर्णरंध्रे. गार्ड सेल्स – रक्षक पेशी. झायलेम – जलवाहिनी. फ्लोएम – रसवाहिनी. ट्रान्सपिरेशन आणि रेस्पिरेशन यांचा शेवट सारखा वाजतो, मराठीतही ‘उच्छ्वास’ आणि ‘श्वसन’ जवळचे वाटतात, पण पहिल्यात पाण्याची वाफ जाते आणि दुसऱ्यात ऊर्जा मिळते. मे महिन्यात दुपारी केळीच्या बागेत गेलात तर पानाचे दोन्ही अर्धे मधल्या शिरेपासून खाली दुमडलेले दिसतील. पानावर पडणारं ऊन त्यामुळे कमी होतं आणि पाणीही कमी जातं. पर्णरंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणजे बाष्पोच्छ्वास आवरताना प्रकाश-संश्लेषणाचा वेगही घटतो. परीक्षेत ‘संबंध स्पष्ट करा’ आलं तर हेच लिहा.

उरलेले, लवकर लवकर

एन्झाइम – विकर. हॉर्मोन – संप्रेरक. एक्सक्रिशन – उत्सर्जन. पॉलिनेशन – परागण. फर्टिलायझेशन – फलन, आणि शेतात टाकतात ते फर्टिलायझर म्हणजे खत, हे वेगळं. हेरेडिटी – आनुवंशिकता. इकोसिस्टिम – परिसंस्था. डिकम्पोझर – विघटक.

वर्गात काही अडलं तर कोणत्याही भाषेत विचारा. “सर, हाई काय शे?” असं अहिराणीत विचारलंत तरी चालेल, उत्तर मी तिन्ही भाषांत देईन. सोमवारी पहिल्या तासाला वहीत दोन आकृत्या हव्यात: वनस्पती पेशी आणि पर्णरंध्र, प्रत्येक भागाला दोन्ही नावं देऊन. ज्यांच्या शेतात गेल्या हंगामातला कापूस शिल्लक आहे त्यांनी सरकीसकट दोन-चार पुंजके आणा, भिंगं मी प्रयोगशाळेतून घेऊन येतो.