प्रवेश रद्द केल्यावर भरलेली फी परत मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : २९ जुलै २०२४

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ प्रशासकीय इमारत,
गोवा

अर्जदार : कु. वैष्णवी गावडे, मु. पो. होंडा, ता. सत्तरी, गोवा

विषय : एम. ए. (अर्थशास्त्र) प्रथम वर्ष, प्रवेश रद्द, फी परतावा आणि मूळ गुणपत्रिका मिळण्याबाबत

महोदय,

२०२४-२५ या वर्षासाठी वरील अभ्यासक्रमाला माझा प्रवेश झाला होता. १ जुलै रोजी मी रु. २८,४६० ऑनलाइन भरले. त्यात रु. २,००० अनामत रक्कम आहे. पुढे कोल्हापूरला वसतिगृहासह जागा मिळाल्याने १२ जुलै रोजी मी विभागात लेखी अर्ज देऊन प्रवेश रद्द केला. वर्ग २२ जुलैला सुरू झाले. मी एकाही तासाला बसलेले नाही, ग्रंथालयाचे कार्डही घेतलेले नाही.

विभागाने अर्ज घेतला आणि प्रतीवर सही करून दिली. फी काऊंटरवर मात्र पावती उलटी करून मागचा जांभळा शिक्का दाखवण्यात आला : ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही’. पैसे भरले तेव्हा पावती मोबाईलवर आली होती, तिच्यावर असे काही नव्हते. शिक्का बसला तो प्रवेश रद्द केल्यानंतर, छापील प्रत मागायला गेले तेव्हा. काऊंटरवरच्या बाईंनी सौजन्याने सांगितले की, कुलसचिवांचा आदेश आल्याशिवाय आमच्या हातात काही नाही. म्हणून आपल्याकडे येत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४-२५ च्या फी परतावा धोरणानुसार ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत करायची आहे. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत परतावा द्यावा आणि मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असेही म्हटले आहे. माझा अर्ज १२ जुलैचा असल्याने ते १५ दिवस २७ जुलैलाच उलटून गेले आहेत.

ही रक्कम वडिलांनी यंदाच्या हंगामातली काजूबी विकून भरली. कोल्हापूरच्या फीचा दुसरा हप्ता १२ ऑगस्टला आहे आणि तो याच पैशांतून द्यायचा आहे. पदवीची मूळ गुणपत्रिका तिथे ५ ऑगस्टपर्यंत दाखवायची आहे, त्यामुळे पैशांच्या आधी ती मिळाली तर बरे. ती न्यायला मी कोणत्याही दिवशी येईन, फक्त आदल्या दिवशी फोन यावा. होंड्याहून दोन बसगाड्या बदलून यावे लागते आणि पावसात त्यांचा भरवसा नसतो.

तरी रु. २८,४६० संपूर्ण परत करण्याचा आदेश व्हावा, ही विनंती. फी वडिलांच्या खात्यातून गेल्याने रक्कम त्याच खात्यात जमा करावी. काही कपात करायची झाल्यास ती कोणत्या नियमाने, हे लेखी कळवावे.

सोबत : फीची पावती, १२ जुलैच्या अर्जाची सही असलेली प्रत, वडिलांचे संमतिपत्र व रद्द केलेला धनादेश.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घालून मिळावी.

आपली विश्वासू,
वैष्णवी गावडे