जून महिना मोडीचा : तीस दिवसांचा उपक्रम, रोजची हजेरी आणि महिनाअखेरचे टिपण

मंडळी, १ जून २०२६, सोमवारपासून ३० जूनपर्यंत आपण रोज वीस मिनिटे मोडी लिहिणार आणि वाचणार आहोत. वाचनालयाच्या गटात नाव दिलेल्या प्रत्येकाने हे पत्रक सुरुवातीआधी एकदा पूर्ण वाचावे आणि वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवावे.

महिनाभरात काय साधेल, ते आधी स्पष्ट सांगतो. स्वच्छ हाताचे पेशवेकालीन पत्र समोर आले, तर त्यातली बरीचशी अक्षरे तुम्ही ओळखाल. मायना, तारीख, गावाचे नाव आणि रुपयांचा आकडा अडखळत का होईना, वाचता येईल. घाईघाईने लिहिलेला महसुली कागद किंवा शिवकालीन पत्र सलग वाचायला पुढे वर्ष-दोन वर्षांचा सराव लागतो. एका महिन्यात कोणी मोडीवाचक होत नाही. पण पुढचा सराव स्वतःच्या बळावर करण्याइतका पाया एका महिन्यात नक्की तयार होतो, आणि आम्हाला तेवढाच हवा आहे.

हे कशासाठी? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी माणसाचा रोजचा व्यवहार मोडीत चालत असे. छापील पुस्तक आणि पोथी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, पण पत्र, खतावणी, गहाणखत, जन्ममृत्यूची नोंद मोडीत. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर, १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातला संग्रह, थेट तंजावरच्या सरस्वती महालातले मोडी कागद, ही सगळी संपत्ती शाबूत आहे. कमी पडतात ते वाचणारे. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना जुन्या दफ्तरांसाठी मोडी जाणणाऱ्यांची किती शोधाशोध झाली, हे आपण पाहिले. शिवाय घराघरांतल्या ट्रंकांमध्ये अजून जुन्या कागदांचे रुमाल बांधलेले आहेत. काय लिहिले आहे ते कळत नाही म्हणून ते रद्दीत जातात, आणि एकदा गेलेले परत मिळत नाहीत.

साहित्य

एकेरी रेघांची शंभर पानी वही, जरा जाड टोकाचे शाईपेन किंवा जेल पेन, आणि वाचनालयातून मिळालेला वर्णमालेचा तक्ता. बोरू असेल तर उत्तम, नसेल तर त्यावाचून अडत नाही. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, फाँटही मिळतात, पण या महिन्यात ते वापरायचे नाहीत. फाँटमधले अक्षर प्रत्येक वेळी तेच असते. जुन्या कागदावर एकच अक्षर एकाच ओळीत दोन वळणांनी येते, आणि डोळ्याला त्याचीच सवय लावायची आहे.

पहिला दिवस : पाकीट

सोमवारी प्रत्येकाला एक पाकीट मिळेल. त्यात चौदा ओळींच्या एका पेशवेकालीन घरगुती पत्राची झेरॉक्स आहे. दहा मिनिटे त्याकडे बघा आणि जे अक्षर ओळखू येईल असे वाटते त्याभोवती पेन्सिलने गोल करा. अंदाज चुकला तरी चालेल. एकही गोल झाला नाही तरी चालेल. कागदावर तारीख घालून पाकीट बंद करा. ते ३० तारखेपर्यंत उघडायचे नाही. मधल्या काळात त्या पत्राचे बाळबोध रूप कोणी कोणाला दाखवायचे नाही.

रोजची वीस मिनिटे

पहिली दहा मिनिटे कित्ता. आधी वहीच्या रेघेवरून पानभर, डावीकडून उजवीकडे, सलग शिरोरेषा ओढा. मग अक्षरे तिच्याखाली लिहा. बाळबोधीत आपण शब्द लिहून वर रेघ देतो, मोडीत रेघ आधी येते आणि अक्षरे तिला लटकतात. हात शक्यतो न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात जायचे. सुरुवातीला हे अवघड वाटते, पण याच एका सवयीमुळे पुढे वाचन सोपे होते. दोन अक्षरांना जोडणारी रेघ कुठून निघते आणि कुठे मिळते हे बोटांना कळले की तीच रेघ कागदावर पाहताना डोळा फसत नाही. म्हणून नुसते तक्ता पाठ करणे या उपक्रमात धरले जाणार नाही.

पुढची सात मिनिटे वाचन : त्या दिवसासाठी गटात सकाळी सहाला आलेल्या दोन-तीन ओळी, मोठ्याने. शेवटची तीन मिनिटे हजेरीची.

हजेरी

रात्री साडेनऊपर्यंत गटात वहीच्या आजच्या पानाचा एक फोटो आणि खाली चार ओळी टाकायच्या. नमुना असा :

दिवस ९
केले : ककाराची आणि खकाराची बाराखडी, दोन ओळी वाचल्या
सुटले : काल अडलेला ‘ज’ आज दोनदा ओळखला
अडले : तिसऱ्या शब्दातले शेवटचे अक्षर, फोटोत बाण केला आहे

‘अडले’ ही ओळ सर्वांत मोलाची आहे. ती रिकामी ठेवू नका. ‘काही अडले नाही’ असे लिहायची वेळ आली, तर त्या दिवशीचे वाचन सोपे होते असे समजून समन्वयकाला कळवा, दुसऱ्या दिवशी जड उतारा मिळेल. ज्याला उत्तर माहीत असेल त्याने थेट अक्षर सांगू नये. ‘आधी शिरोरेषेपासून खाली कुठे वळते ते पाहा’ अशी खूण द्यावी. उत्तर सकाळी सहाला नव्या ओळींबरोबर समन्वयक देईल.

गटात ‘छान’, ‘वा’, अंगठे आणि सुप्रभात नको. चाळीस जणांच्या पानांमध्ये अडलेला प्रश्न बुडून जातो. कोण पुढे, कोण मागे अशी यादीही लावली जाणार नाही. गटात नववीतली मुले आहेत तसे सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबाही आहेत. प्रत्येकाची तुलना स्वतःच्या पहिल्या पानाशी.

दिवस चुकला तर

जूनमध्ये पाऊस आहे, शाळा सुरू होतात, पेरण्या आहेत, वारीला जाणारेही आपल्यात आहेत. दिवस चुकणारच. चुकला तर दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत वर फक्त ‘राहिला’ एवढेच लिहा आणि त्या दिवसाचे काम करा. मागचे भरून काढायचे नाही, वीसची चाळीस मिनिटे करायची नाहीत. साठलेला अभ्यास पाहून माणूस वही मिटतो, म्हणून हा नियम कडक आहे. सलग तीन दिवस ‘राहिला’ झाले तर समन्वयक फोन करेल. विचारपूस करायला, जाब विचारायला नव्हे. प्रवासात वही नसेल तर तिकिटाच्या मागच्या बाजूला पाच अक्षरे लिहून फोटो टाकला तरी हजेरी लागली.

रविवारी, म्हणजे ७, १४, २१ आणि २८ तारखेला, नवीन काही नाही. त्या दिवशी आठवड्याची पाने उलटायची आणि ‘अडले’ म्हणून लिहिलेली सगळी अक्षरे एका पानावर पुन्हा लिहायची.

चार आठवडे

१ ते ७ जून फक्त अक्षरे, रोज सहा-सात. तक्त्याच्या क्रमाने जायचे नाही. बाळबोधीशी मिळतीजुळती आधी, पूर्ण वेगळी नंतर.

८ ते १४ बाराखडी आणि जोडाक्षरे. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत, त्यामुळे शुद्धलेखनाची धास्ती बाळगू नका. मात्र काना जोडला की काही अक्षरांचा आकारच बदलतो, म्हणून ‘क’ येतो तर ‘का’ येईलच असे धरू नका. हा आठवडा सर्वांत कंटाळवाणा असतो. तो पार पडला की पुढे मजा आहे.

१५ ते २१ हा आकडे, तारखा आणि संक्षेपांचा आठवडा. रुपयांच्या आकड्यापुढे एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण : १॥ लिहिले की दीड रुपया. राजश्री, साहेब, मौजे, परगणे हे शब्द पूर्ण लिहीत नाहीत. पहिले एखाददुसरे अक्षर आणि पुढे दंड. पत्रातल्या तारखेआधी ‘छ’ दिसला की पुढे हिजरी महिन्यातला चंद्र, म्हणजे तिथी, आहे असे समजावे. वर्ष बहुधा सुहूर सनाचे असते आणि अरबी संख्याशब्दांत, एकमापासून उलटे लिहिलेले : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात वर्षाच्या आधीच्या भागासाठी ५९९ आणि पुढच्या भागासाठी ६०० मिळवले की इसवी सन येतो, १७६०-६१. हेच पानिपतचे वर्ष. असा कागद हाती आला आणि तारीख स्वतः सोडवली की काय वाटते, ते त्या आठवड्यात कळेल.

२२ ते २८ खरे कागद. मोडीत शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ओळ संपली की शब्द मध्येच तुटून खाली जातो. म्हणून ठरावीक वाक्ये आधी कानात बसवायची : ‘विनंती उपरी’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘लेखनसीमा’. ही ओळखू आली की पत्राचे डोके आणि शेपूट सापडते, मधला भाग त्यामानाने आटोक्यात येतो.

२९ तारखेला घरचा कागद असेल तर तो घ्या. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा आणि फोटोवरूनच वाचा. घडी जबरदस्तीने उलगडू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. जमिनीच्या किंवा वाटणीच्या कागदाचा फोटो गटात टाकायचा नाही, तो समन्वयकाकडे घेऊन या. घरी कागद नसेल त्याला वाचनालय देईल.

३० जून : महिनाअखेरचे टिपण

मंगळवारी पाकीट उघडा. त्याच पत्रावर, आता शाईने, ओळखलेल्या अक्षरांभोवती गोल करा आणि जमेल तितके बाळबोधीत उतरवून काढा. मग सोबतच्या बाळबोध प्रतीशी ताडून पाहा. पेन्सिलीचे आणि शाईचे गोल मोजून दोन्ही आकडे वर लिहा.

त्यानंतर अर्धा तास काढून वहीत एक पान लिहा, हाताने. पुढचे प्रश्न समोर ठेवा, सगळ्यांना उत्तरे द्यायलाच हवीत असे नाही.

महिनाभराच्या ‘अडले’ ओळी सलग वाचा. कोणते अक्षर पुनःपुन्हा येते? ते शेवटी कशामुळे सुटले, की अजूनही सुटलेले नाही?

कोणत्या वेळेला बसलात तेव्हा हात चांगला चालला? ‘राहिला’ लिहिलेल्या दिवशी नेमके काय आड आले?

दुसऱ्या कोणाच्या खुणेमुळे काही कळले का? कोणाच्या?

वाचलेल्या ओळींत एखादे माणूस, भांडण, मागणी, दुखणे मनात राहिले का? ते आपल्या शब्दांत लिहा.

जुलैत काय करणार? ‘सराव चालू ठेवणार’ एवढे पुरेसे नाही. वार, वेळ आणि कोणता कागद, हे लिहा. करणारच नसाल तर तेही मोकळेपणाने लिहा आणि का ते सांगा. पुढच्या वेळी उपक्रम आखताना त्याचा आम्हाला फार उपयोग होईल.

पानाखाली मोडीत आपले नाव आणि तारीख.

रविवार, ५ जुलैला सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसू. वही, पाकिटातले पत्र आणि टिपण बरोबर आणा. टिपण वाचून दाखवायची सक्ती नाही. मात्र अजून न सुटलेली अक्षरे प्रत्येकाने फळ्यावर लिहायची आहेत, आणि ती सगळी सुटेपर्यंत बैठक चालेल.